कर्ता झाकला म्हणून लेखन वस्तुनिष्ठ होत नाही

«प्रबंधात 'मी', 'आम्ही' चालत नाही. सगळं कर्मणी प्रयोगात लिहा. कर्ता दिसला की लेखन व्यक्तिनिष्ठ होतं. विज्ञानाची भाषा अशीच असते.»

प्रबंध लिहिणाऱ्यांना हा सल्ला फॉरवर्ड होऊन येत असतो. आधी त्यातलं व्याकरण बघू. 'आम्ही बाटली भरली' हा शाळेतल्या व्याकरणानुसार कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद बाटलीमागे जातं, 'आम्ही'मागे नाही. म्हणजे सल्ला शब्दशः पाळला तरी 'आम्ही' जागच्या जागी राहतो. सल्ला देणाऱ्याला खरं तर 'बाटली भरण्यात आली' हवं असतं. त्याला प्रयोग बदलायचा नसतो, कर्ता गाळायचा असतो. गोव्यात बहुतेक प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, आणि तिथेही प्रश्न हाच पडतो: करणारा दाखवायचा की झाकायचा?

समजा, एक विद्यार्थिनी रायबंदरच्या फेरीधक्क्याजवळ मांडवीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजते आहे. ती लिहिते: «नमुने पृष्ठभागाजवळून आणि तळाजवळून घेण्यात आले. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून ऑक्सिजन जागीच स्थिर करण्यात आला. प्रयोगशाळेत आम्ल घालून, स्टार्च दर्शक वापरून, सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करण्यात आलं.» इथे कर्ता नसलेलाच बरा. वाचणाऱ्याला त्या बाटलीचा प्रवास बघायचा आहे. प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने सुरू केलं तर बाटली मागे पडते आणि धक्क्यावरची माणसंच पुढे येत राहतात. शिवाय ही कामं कोणीही केली तरी पद्धत तीच. इथवर फॉरवर्ड करणाऱ्यांचं बरोबर आहे.

आता पुढचं वाक्य: «दोन नमुने विश्लेषणातून वगळण्यात आले.» कोणी, आणि कशासाठी? विंकलरमध्ये बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. तसं असेल तर वगळणं रास्तच. पण आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला म्हणून वगळले असतील, तर तो निष्कर्षाशी खेळ झाला. वाक्य दोन्हीकडे तसंच्या तसं बसतं, म्हणून ते वाईट. «बुडबुडा दिसलेल्या दोन बाटल्या आम्ही अनुमापनाआधीच बाजूला काढल्या» असं लिहिलं की निर्णय कोणाचा, कधीचा आणि कशामुळे, तिन्ही कळतं. कर्ता आला म्हणून कारण आपोआप येतं असं नाही. पण 'आम्ही वगळल्या' इतकंच लिहून हात थांबत नाही, 'का' लिहावंसं वाटतं. 'वगळण्यात आले' लिहून मात्र आरामात पुढे सरकता येतं.

पद्धतीच्या विभागातही कर्ता कधीकधी लागतो. अनुमापनाचा शेवट म्हणजे निळा रंग जाण्याचा क्षण, आणि तो दोघांना थोडा वेगळा दिसू शकतो. पृष्ठभागाचे नमुने एकाने आणि तळाचे दुसऱ्याने तपासले असतील, तर दिसणारा फरक पाण्याचा की डोळ्यांचा, हे सांगता येणार नाही. तेव्हा 'सर्व अनुमापनं एकाच व्यक्तीने केली' हे लिहायलाच हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ चर्चेच्या विभागात होतो. «पावसाळ्यात तळाशी ऑक्सिजन कमी असतो असं दाखवण्यात आलं आहे.» हे या प्रबंधाने दाखवलं की आधीच्या कोणी? परीक्षकाला कळत नाही, आणि दुसऱ्याचं काम नकळत आपल्या नावावर चढतं. «वरचं गोडं आणि खालचं खारं पाणी नीट मिसळत नसावं असं मानलं जातं» हेही तसंच. मानणारी तीच असेल तर «आम्हाला असं वाटतं की» लिहावं. त्याने दाव्याची वस्तुनिष्ठता घटत नाही. उलट, मोजलेलं काय आणि अंदाज काय, हे वेगळं राहतं. (एरवी 'असं निदर्शनास आलं' लिहिण्यात तरी काय मोठं? 'दिसलं' म्हटलं तर पाणी काही कमी खारं होत नाही.)

'विज्ञानाची भाषा अशीच' हेही खरं नाही. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा लेख 'आम्ही एक रचना सुचवू इच्छितो' अशा अर्थाच्या वाक्यानेच सुरू होतो. तो ज्या 'नेचर' नियतकालिकात आला, ते आज लेखकांना कर्ता दाखवून लिहायला सुचवतं.

कर्ता दाखवणं म्हणजे दर ओळीला 'आम्ही' नव्हे. «गोडं पाणी वरून वाहतं, खारं तळाशी राहतं» यात कर्ता पाणीच आहे, आणि कार्यकारणभाव सांगताना असंच लिहावं.

संशय आला तर वाक्यापुढे 'कोणी?' विचारून पाहावं. उत्तर 'कोणीही, फरक पडत नाही' असं असेल तर कर्ता गाळावा. 'आम्ही, आणि दुसऱ्या कोणी कदाचित वेगळं ठरवलं असतं' असं असेल तर लिहावा. मार्गदर्शक 'आम्ही' खपवूनच घेत नसतील, तर 'लेखिकेने' लिहावं. पण वगळलेल्या बाटल्यांचं कारण त्याच वाक्यात यायला हवं.