डीआर म्हणून चाललात? सभासदाला बुडवायची खात्रीशीर पद्धत

अभिनंदन! युनियनने तुमच्या नावाचं पत्र दिलं, म्हणजे आता तुम्ही डीआर, म्हणजे बचाव प्रतिनिधी, बँकेच्या खात्यांतर्गत चौकशीत कर्मचाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस. खुर्ची शेजारची आहे, मधली नव्हे, हे मात्र आजच विसरून जा.

सुरुवात पावतीपासून करू. १० एप्रिल २००२ च्या द्विपक्षीय करारात लिहिलंय, की चौकशी सुरू होण्याची म्हणून जी तारीख पहिल्यांदा कळवली जाते, त्या तारखेला कर्मचारी ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद असेल, तिचा प्रतिनिधी त्याचा बचाव करू शकतो. तुम्ही हे वाचू नका. वर्गणीची पावती नंतर फाडू, असं म्हणा. पहिल्या सुनावणीला पीओ, म्हणजे बँकेची बाजू मांडणारे प्रेझेंटिंग ऑफिसर, ‘यांच्या सभासदत्वाचा पुरावा?’ एवढंच विचारतील आणि अर्धा दिवस त्यातच जाईल.

आता केस घेऊ. काउंटरवरच्या एका ताईंवर चार्जशीट आहे. एका आजीबाईंच्या खात्यातून १८,००० रुपये निघाले, स्लिपवरची सही जुळत नाही, स्लिप ताईंच्या आयडीने पास झाली, वेळ दुपारी २ वाजून १२ मिनिटं. आरोप ५-जे, बँकेचं नुकसान होईल असा गंभीर निष्काळजीपणा. हे त्याच कराराच्या कलम पाचमधलं, म्हणजे गंभीर गैरवर्तन. यात नोकरीही जाऊ शकते.

पहिल्या भेटीत ताईंना काहीही विचारू नका. बँकेच्या कँटीनमध्ये, चार लोकांसमोर, खांद्यावर थाप मारून सांगा, ‘ताई, मी आहे ना! ऑर्डर निघणारच नाही.’ उगाच दोन तास वेगळं बसून, चार्जशीटची एकेक ओळ वाचत, ‘त्या दिवशी नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारलंत, तर नको ते कळेल. २ वाजून १२ मिनिटांनी ताई डबा खात होत्या. आयडी उघडा ठेवून गेल्या होत्या. आणि शेजारच्या काउंटरचा जो सहकारी त्यांच्या खुर्चीत बसला होता, तोही आपल्याच युनियनचा सभासद आहे.

हे कळलं, की जबाबदार माणसाला दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि दोन्ही कंटाळवाण्या. पहिली, त्या सहकाऱ्याला वेगळा डीआर द्यायचा, कारण एकाचा बचाव हाच दुसऱ्यावरचा आरोप असेल, तर एका माणसाने दोघांच्या कानाला लागणं बरं नव्हे. दुसरी, ‘मी जागेवर नव्हते’ हे वाक्य बोलायच्या आधी तोलून पाहायचं. ते खरं असलं, तरी उघडा आयडी सोडून जाणं हे स्वतःच गैरवर्तन आहे. आजच्या चार्जशीटमध्ये नाही, म्हणून आज त्याची शिक्षा देता येत नाही, पण नवीन चार्जशीट काढायला कोण अडवतंय? कधीकधी तेच बरं पडतं, कारण १८,००० च्या बनावट स्लिपपेक्षा उघडा आयडी हा हलका दोष. मात्र हे ठरवायचं ताईंनी, सगळे परिणाम समजून. तुम्ही मात्र ठरवूनच टाका, आणि पहिल्याच सुनावणीत उठून गर्जना करा, ‘आमच्या ताई तिथे नव्हत्याच!’ ईओ, म्हणजे चौकशी अधिकारी, शांतपणे टाइप करून घेतील. झालं, कबुली तुमच्या तोंडची.

चार्जशीटला उत्तर द्यायचं असेल, तर तयार मसुदा आहेच: ‘माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही.’ साहेब मोठ्या मनाचे आहेत, असं कोणी तरी तोंडी सांगितलेलं असतंच. पुढे ईओंच्या निष्कर्षात हीच ओळ कबुली म्हणून येते. साहेबांचं मन मोठं असेलही, पण बदली झालेल्या साहेबांचं मन फायलीत लागत नाही.

कागद मागताना ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असं लिहा. ईओ ‘मोघम’ म्हणून नाकारतील आणि ते बरोबर असेल. मूळ स्लिप पुढून-मागून हवी, कारण मागे नोटांचा तपशील कोणाच्या हातचा आहे ते दिसतं. सहीचं कार्ड हवं. सिस्टिम लॉग हवा, कारण त्यात आयडीसोबत टर्मिनलही दिसतं. त्या दिवसाचं कॅश देवघेवीचं रजिस्टर हवं. प्रत्येकासमोर ‘हे का हवं’ याची एक ओळ, अशी यादी देणं म्हणजे केवढी कटकट! सीसीटीव्हीचं फुटेज तर आधीच मागू नका. ते ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, आणि ‘आम्ही मागितलं, दिलं नाही’ असं म्हणायला मागणीचं तारखेचं पत्र असावं लागतं. तेवढ्यानंही भागत नाही. कागद न दिल्याने बचावाचं नेमकं काय बिघडलं हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्टेट बँक ऑफ पतियाळाच्या खटल्यात सांगितलंय. नुसतं ‘अन्याय झाला’ पुरत नाही. तुम्ही ‘अन्याय’ तीन वेळा म्हणा, आवाज चढवून.

मिळालेल्या कागदांचे फोटो मात्र लगेच युनियनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आजींचा खाते क्रमांक, सही, पत्ता, सगळं. ग्राहकाची माहिती बाहेर फोडल्याबद्दल एक चार्जशीट तुम्हालाही यावी, म्हणजे सभासदाला एकटं वाटणार नाही.

उलटतपासणीत तुमचं खरं कसब दिसतं. बँकेचा पहिला साक्षीदार तपास अधिकारी. भित्रा डीआर असं काहीतरी करतो:

‘तुम्ही मूळ स्लिप पाहिली का?’

‘नाही, झेरॉक्स पाहिली.’

‘आजीबाईंचा जबाब तुमच्यासमोर झाला का?’

‘नाही, शाखाधिकाऱ्यांनी घेतला.’

आणि खाली बसतो. दोन वाक्यं, दोन्ही रेकॉर्डवर. बाकीचं शेवटच्या लेखी युक्तिवादात, म्हणजे ब्रीफमध्ये लिहायचं. पण तुम्ही असे मध्येच थांबणारे नव्हे. तुम्ही टेबलावर हात आपटून विचाराल, ‘मग सही जुळत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणता?’ साक्षीदार याचीच वाट पाहत होता. ‘झेरॉक्सवरही दिसतं, साहेब. आजी नाव सलग जोडून लिहितात, इथे अक्षरं सुटी आहेत. शेवटच्या अक्षरानंतर त्या रेघ ओढतात, ती इथे नाही.’ दहा ओळी टाइप झाल्या. पीओंना जे सरतपासणीत सुचलं नव्हतं, ते तुम्ही काढून दिलंत.

आजीबाईंना साक्षीला बोलावलंच नाही, तर लगेच ‘केस संपली’ म्हणून पेढे मागवा. बस कंडक्टरच्या १९७७ च्या रतनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की प्रवाशांचे जबाब नसले, तरी विश्वासार्ह असा थोडा पुरावा खात्यांतर्गत चौकशीत चालतो. २००८ मध्ये रूपसिंग नेगी या बँक कर्मचाऱ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं, की कागद नुसता हजर केला म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध होत नाही, तो साक्षीदाराने सिद्ध करावा लागतो. दोन्ही ध्यानात ठेवणारा माणूस तक्रार अर्ज एमईएक्स-३, म्हणजे बँकेचा तिसरा पुराव्याचा कागद, म्हणून दाखल होतानाच हरकत नोंदवतो: ‘मजकूर अमान्य, लिहिणारी व्यक्ती साक्षीला नाही.’ तुम्ही गप्प बसा, मग हायकोर्टात बघू.

प्रोसीडिंग, म्हणजे सुनावणीची नोंद, ईओ स्वतः सांगून टाइप करून घेतात. साक्षीदार म्हणतो, ‘आठवत नाही.’ कागदावर येतं, ‘नक्की आठवत नाही, परंतु तसे झाले असावे.’ तेव्हा तुम्ही चहात बिस्किट बुडवत असायला हवं. संध्याकाळी सहाला, सगळे घरी जायच्या घाईत असताना, सात पानांवर न वाचता सह्या करा आणि ताईंकडूनही करून घ्या. सहीच्या वर ‘प्रश्न ४ चे उत्तर चुकीचे नोंदले, हरकत’ असं हाताने लिहायला वीस सेकंद लागतात, पण ईओ नाराज होतात. लोकांचं मन राखायला हवं.

ईओंनी ताईंना थेट प्रश्न विचारला, की उत्तर तुम्हीच द्या. ताई रडवेल्या आहेत, तुम्हाला सगळं पाठ आहे. फक्त अडचण अशी, की डीआरचं बोलणं पुरावा नसतो. त्यामुळे निष्कर्षात येतं, ‘कर्मचाऱ्याने स्वतः खुलासा केला नाही.’ ताईंना हुंदका आला, तर पाच मिनिटांची सुट्टी मागणं, पाणी देणं, बाहेर नेऊन ‘विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा’ एवढंच सांगणं, हे सगळं करता येतं. काय उत्तर द्यायचं ते पढवणं आणि बचावाच्या साक्षीदाराला ‘तू तिथे होतास असं सांग’ म्हणून तयार करणं, हे करू नये. तुम्ही आधीचं विसरा, नंतरचं करा.

ईओंनी एखादा प्रश्न नाकारला, तर सभात्याग! घोषणा देत, ताईंना हाताला धरून बाहेर. ईओ ‘बचाव बाजू स्वेच्छेने निघून गेली’ असं नोंदवून एकतर्फी पुढे जातील आणि उरलेले दोन साक्षीदार उलटतपासणीशिवाय निघतील. नाकारलेला प्रश्न शब्दशः लिहून घ्यायला लावणं आणि बसून राहणं, यात कसली आली मर्दुमकी? शाखेच्या दारात फोटोही निघत नाही.

ब्रीफमध्ये पुराव्याचा पान क्रमांक देऊ नका, १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापासूनचा युनियनचा इतिहास द्या.

शेवटी प्रस्तावित शिक्षेवर वैयक्तिक सुनावणी येते. करारानुसार इथे आधीचं रेकॉर्ड आणि सौम्य करणाऱ्या गोष्टी विचारात घ्यायच्या असतात. ताईंची इतक्या वर्षांची स्वच्छ सेवा, त्या दिवशी तीन काउंटरवर दोनच माणसं, पैसे खात्यात परत जमा झालेले, हे एका पानात देता येतं. तुम्ही मात्र पुन्हा सहीच्या रेघेवर वाद घाला. नोटिशीत ‘एक वेतनवाढ रोखणे, कायम परिणामासह’ असं आहे. ‘कायम परिणामाशिवाय’ करा, एवढी विनंती लिहून द्यायला हवी, वाद घालायचा मुद्दा खरा तोच. फरक दर महिन्याच्या पगारात आणि पुढे पेन्शनमध्ये दिसतो. ताई विचारतील, ‘दादा, या कायम परिणामाचा अर्थ काय?’ सांगा, ‘काही नाही, ऑफिसची भाषा असते ती.’