हिशोब मिनिटांचा मांडा

"एक्स-रे खोलीच्या दरवाज्याबाहेर मीटरने किरणांचा डोस ताशी ४० मायक्रोसिव्हर्ट दाखवला, म्हणून चारही भिंतींना शिसे लावण्यासाठी निधी मंजूर करावा."

असंच पत्र मी धुळ्याच्या एका रुग्णालयात दिलं होतं, आणि ते परत आलं. चूक माझीच होती. हा ताशी आकडा एक्स-रे चालू असतानाचा, आणि ट्यूब काही तासभर चालत नाही! आमच्याकडे आठवड्याला साधारण ३०० एक्स्पोजर, प्रत्येकी सरासरी २० एमएएस, म्हणजे ट्यूबचा मिलिअँपिअरमधला प्रवाह गुणिले सेकंद; एकूण ६,००० एमएएस. मोजणी १०० एमए, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर केली होती, तेव्हा आठवड्यात ट्यूब चालली फक्त ६० सेकंद, म्हणजे एक मिनिट. ४० भागिले ६० केलं की एक मायक्रोसिव्हर्टही भरत नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे आठवड्याला सुमारे २० मायक्रोसिव्हर्ट चालतात.

याच हिशोबात खरी गळती सापडली ती छातीच्या एक्स-रेच्या स्टँडमागे. तिथे थेट किरण पडतात, भिंत ३५ सेंटिमीटर विटांची हवी. आमची २३ची निघाली, आणि पलीकडे नातेवाइकांचं बाकडं. दुसऱ्या पत्रात फक्त त्या भिंतीला २ मिलिमीटर शिशाचा पत्रा आणि नंतरची फेरमोजणी एवढंच मागितलं. बाकडं मात्र त्याच दिवशी हलवलं, त्याला कुणाची मंजुरी लागते!