हॉस्पिटलचं पत्र आलं म्हणजे अमेरिकेचा व्हिसा झाला?

“अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं पत्र हातात असलं की मेडिकल व्हिसा नाकारतच नाहीत. त्याच पत्रावर दोन नातेवाइकांना अटेंडंट व्हिसा मिळतो. आणि दहा वर्षांचा व्हिसा बसला की उपचार संपेपर्यंत खुशाल राहा, मुदतवाढीची गरज नाही.”

घरात गंभीर आजार असताना लोक या तीन ऐकीव वाक्यांवर विसंबून घर गहाण टाकतात, म्हणून एकेक वाक्य नीट तपासायला हवं.

अमेरिकेत ‘मेडिकल’ नावाचा वेगळा व्हिसाच नाही. रुग्णही फिरायला जाणाऱ्यासारखाच बी-2 व्हिसा मागतो, तोच डीएस-160 फॉर्म भरतो आणि त्यालाही अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम 214(बी) लागू होतं. म्हणजे तुम्ही परत येणार आहात, हे तुम्हीच पटवून द्यायचं असतं. जानेवारी 2020 पासूनच्या नियमानुसार अधिकारी आणखी काही गोष्टी पाहतात: उपचारासाठी अमेरिकेतच का जायचं, तिथल्या कुठल्या डॉक्टरने किंवा हॉस्पिटलने रुग्णाला घ्यायचं कबूल केलंय, उपचार किती दिवस चालतील, सगळा खर्च किती आणि तो भरायची ऐपत व इच्छा आहे का.

हॉस्पिटलचं पत्र यातल्या मोजक्याच प्रश्नांची उत्तरं देतं, तीही पत्र नीट असेल तरच. ‘आमच्याकडे तपासणीसाठी या’ एवढ्या दोन ओळींनी भागत नाही. निदान, उपचारांची आखणी, अंदाजे कालावधी आणि डॉक्टरांच्या फीसकट एकूण खर्च पत्रात असायला हवा. ‘इथे का नाही?’ याचं उत्तर आपल्या इथल्या डॉक्टरांच्या पत्रात हवं, आणि ते बहुतेक जण आणतच नाहीत. पैशांचंही तसंच. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेले चाळीस लाख विश्वास वाढवत नाहीत, उलट शंका निर्माण करतात. ती रक्कम जमीन विकून किंवा देणग्यांतून आली असेल, तर त्याचे कागद सोबत ठेवा. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा उपचारांसाठी ओलांडता येते, पण त्यासाठीही हॉस्पिटलचं किंवा डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. म्हणून ते आधीच मागून घ्या.

दोन अटेंडंटची गोष्ट कुठून आली असावी, ते सांगतो. भारत परदेशी रुग्णांना जो मेडिकल व्हिसा देतो, त्यात रुग्णासोबत दोन नातेवाइकांना अटेंडंट व्हिसा मिळू शकतो. आपल्या देशाचा हा नियम लोकांनी अमेरिकेला चिकटवला आहे. तिथे सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा फॉर्म, स्वतःची फी आणि स्वतःचा निर्णय. आईला व्हिसा मिळतो आणि नोकरी नसलेल्या मुलाला नकार येतो, असं होऊ शकतं. त्यामुळे सोबत कोण जाणार हे ठरवताना, परतण्याची कारणं कोण नीट दाखवू शकेल हेही पाहा. त्या माणसाने रुग्णाशी असलेलं नातं, आपली रजा आणि राहण्याच्या खर्चाची सोय कागदावर दाखवावी.

सगळ्यात घातक आहे ते तिसरं वाक्य. व्हिसावरची दहा वर्षं म्हणजे विमानतळापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची मुभा. प्रत्यक्ष किती दिवस राहायचं हे तिथे उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-94 या प्रवेशाच्या नोंदीत असते. ती i94.cbp.dhs.gov वर दिसते. बहुतेकदा सहा महिने मिळतात. कायद्याने वर्षापर्यंत देता येतात, म्हणून उपचार आठ महिन्यांचे असतील तर हॉस्पिटलचं पत्र चेक-इन बॅगेत न टाकता हातात ठेवा आणि विचारा. मिळेलच अशी खात्री मात्र नाही.

समजा, सांगलीची एक बाई नवरा आणि तीस वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. तिघांचीही आय-94 तारीख 9 जुलै, आणि डॉक्टर म्हणतात उपचार सप्टेंबरपर्यंत चालतील. मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे आय-539, 9 जुलैच्या आत पोचलाच पाहिजे. किमान 45 दिवस आधी द्या असं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं सांगतं, म्हणजे 25 मेच्या सुमारास. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नवं पत्र हवं: आजवर काय झालं, काय उरलंय, कधी संपेल. पुढच्या खर्चाचे पुरावेही लागतात. नवऱ्याचं नाव बायकोच्या अर्जाला जोडता येतं. मुलाचं नाही, कारण ती सोय जोडीदार आणि 21 वर्षांखालच्या अविवाहित मुलांपुरतीच आहे. त्याने वेगळा अर्ज करायचा. आईच्या अर्जात आपणही आहोत असं समजून तो गप्प बसला, तर 10 जुलैपासून त्याचा मुक्काम बेकायदा ठरतो आणि त्याचा दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. 180 दिवसांच्या वर राहून तो परतला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी.

वेळेत अर्ज केलेल्या आई-वडिलांना निकाल येईपर्यंत थांबता येतं. नकार आला तर मात्र लगेच निघावं लागतं. म्हणून अर्ज दिल्याच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा की मध्येच परतावं लागलं, तर उरलेले उपचार पुण्या-मुंबईत कोण पुढे नेईल आणि त्यासाठी कुठले रिपोर्ट सोबत लागतील.