एकच प्रोफाइल तिघांना पाठवणाऱ्यांसाठी

"फाउंडरचं प्रोफाइल एकदाच जबरदस्त लिहून घ्या. आकडे-बिकडे नकोत, स्वप्न विका. तेच इन्व्हेस्टरला पाठवा, तेच नोकरीच्या जाहिरातीसोबत टाका, तेच ग्राहकाला दाखवा. गोष्ट भिडली की तिघंही येतात. आणि काळजी कसली, लेखच आहे तो, करारनामा थोडाच!"

फाउंडरची प्रोफाइलं लिहिताना हा सल्ला मला ऐकू येतो. त्यातलं 'गोष्ट भिडली की तिघंही येतात' हे खरं आहे. घोळ ते आल्यानंतर होतो. थेरॅनोस या रक्ततपासणीच्या कंपनीची फाउंडर एलिझाबेथ होम्स हे त्याचं सगळ्यात नीट नोंदलं गेलेलं उदाहरण. जून २०१४ मध्ये फॉर्च्युन मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर दोनशेहून जास्त चाचण्या, सिरिंज नाही, असं आतल्या लेखात होतं. लेख वाचून रुग्णाला वाटलं, सुईचा त्रास वाचला. काम शोधणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला वाटलं, जायचं तर इथंच. कंपनीने तो लेख गुंतवणूकदारांनाही पाठवला, आणि त्यांना वाटलं की यंत्र तयार आहे, आता फक्त दुकानं वाढवायची. पुढे खटल्यात उघड झालं की कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर जेमतेम डझनभर चाचण्या होत होत्या आणि बाकीच्या बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवर.

तिघांपैकी खोट सगळ्यात आधी कोणाला दिसली, ते बघा. स्वप्नाला भुलून आत आलेल्या नोकरदारांना. एरिका च्युंग ही थेरॅनोसच्या प्रयोगशाळेत काम करणारी तरुण मुलगी. गुणवत्ता तपासणीचे निकाल जुळेनात, म्हणून तिने काही महिन्यांतच नोकरी सोडली आणि नंतर सरकारी यंत्रणेकडे लेखी तक्रार केली. फाउंडरच्या प्रोफाइलचा सगळ्यात कडक वाचक तो, ज्याला सोमवारी सकाळी त्याच दाव्यावर काम करायचं असतं. इन्व्हेस्टर तिमाहीला एकदा विचारतो, ग्राहक बिघाड झाला की विचारतो. कामावरच्या माणसाला मात्र ते रोज समोर दिसतं.

आता 'लेखच आहे तो' याबद्दल. ३ जानेवारी २०२२ रोजी ज्यूरीने होम्सला चार आरोपांवर दोषी ठरवलं. चारही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे होते. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून ती सुटली. तो लेख लिहिणारा पत्रकार या खटल्यात साक्षीला उभा राहिला आणि लेख पुराव्यात आला. म्हणजे मासिकाच्या वाचकांसाठी छापलेलं एखादं वाक्य इन्व्हेस्टरच्या हातात तुम्हीच दिलंत, की ते तुम्ही त्याला केलेलं विधान होतं.

लबाडी नसली तरी सुटका नाही. गूगलने २९ एप्रिल २००४ रोजी शेअर बाजारात येण्याचे कागद दाखल केले. त्याच्या आठवडाभर आधी लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी प्लेबॉय मासिकाला दिलखुलास मुलाखत दिली होती. ती छापून आली ऑगस्टमध्ये, नेमकी शेअर विकायच्या तोंडावर. शेवटी ती अख्खी मुलाखत कंपनीला आपल्या माहितीपत्रकात परिशिष्ट म्हणून जोडावी लागली. शिवाय विक्रीच्या तोंडावर माहितीपत्रकाबाहेर असं बोलणं नियमभंग ठरलं तर विकलेले शेअर परत घ्यायची वेळ येऊ शकते, हा धोकाही लिहावा लागला. त्याच वर्षी सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीची शेअरविक्री तर अशाच एका लेखामुळे लांबली. तिचा फाउंडर मार्क बेनिऑफवर न्यूयॉर्क टाइम्समध्ये मे महिन्यात लेख आला आणि शेअर बाजारात यायला जून उजाडला. आपल्याकडे सेबीचे नियमही याच धर्तीचे आहेत. माहितीपत्रकाचा मसुदा दाखल झाल्यावर कंपनी जाहीरपणे जे बोलेल ते त्या मसुद्याशी जुळलं पाहिजे, आणि भविष्याची भाकितं चालत नाहीत. कौतुकाचा लेख तेव्हा वकिलाच्या टेबलावरून जातो.

'आकडे-बिकडे नकोत' हा सल्ला तर मुळातच उलटा आहे. एक काल्पनिक कंपनी घेऊ. दूध संकलन केंद्रांसाठी शीतकरण यंत्र बनवते. प्रोफाइलात वाक्य आहे: "आज राज्यातल्या ३०० केंद्रांवर आमचं यंत्र आहे." इन्व्हेस्टर विचारणार, यातले पैसे किती जण भरतात? दुरुस्तीच्या कामाला येऊ पाहणारा मुलगा विचारणार, माझ्या वाट्याला यंत्रं किती? संस्थेचा सचिव विचारणार, आमच्याकडे रात्री लाइट गेली तर दूध टिकेल का? ३०० हा आकडा यातल्या एकालाही उत्तर देत नाही. फाउंडरला खोदून विचारलं की कळतं, १२० केंद्रं पैसे भरतात, १४० ठिकाणी फुकट चाचणी चालू आहे आणि ४० ठिकाणांहून यंत्र परत आलंय.

मग मी असं लिहीन: "१२० केंद्रं दरमहा भाडं भरतात, १४० ठिकाणी मोफत चाचणी सुरू आहे. ४० ठिकाणांहून आम्ही यंत्र परत आणलं, कारण तिथं सलग सहा-सहा तास वीज जायची आणि आमची बॅटरी चार तासांची. मोठी बॅटरी येईपर्यंत अशा गावांत आम्ही विकत नाही. दुरुस्तीला सहा जण आहेत, आणखी चार हवेत." इन्व्हेस्टरला धंदा कुठे अडलाय ते कळलं. सचिवाला आपलं गाव बसतं की नाही ते कळलं. मुलाने २६० ला सहाने भागून त्रेचाळीस यंत्रं मोजली आणि मुलाखतीत काय विचारायचं ते ठरवलं. फाउंडर मंडळी त्या ४० वर हमखास अडतात, "हे कशाला?" म्हणून. माझ्या मते अख्ख्या प्रोफाइलातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच.

एकच मजकूर तिघांना चालू शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. जेफ बेझोसचं ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेलं १९९७ सालचं पत्र बघा. हिशेबाच्या पुस्तकात चांगलं दिसणं आणि पुढे हातात येणारी रोकड यांत निवड करायची वेळ आली तर आम्ही रोकड निवडू, असं त्यात सरळ आहे. त्याच पत्रात, मुलाखतीला आलेल्यांना तो काय सांगतो तेही आहे: इथं काम करणं सोपं नाही. ग्राहकांच्या बाबतीत पुन्हा येणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेल्याचा आकडा आहे. प्रत्येकाला काय मिळेल याच्या जोडीला काय सोसावं लागेल तेही लिहिलंय. पुढे दर वर्षीच्या पत्राला त्याने हे जुनं पत्र जोडलं, म्हणजे कोणीही ताडून बघावं.

सगळंच सगळ्यांना सांगावं असंही नाही. बँकेत किती महिन्यांचे पैसे उरलेत, कुठल्या ग्राहकाला किती सूट दिली, हे इन्व्हेस्टरपुढच्या बंद कागदात राहू दे. वगळायला हरकत नाही, उलटसुलट बोलायला आहे. इन्व्हेस्टरपुढच्या पिच डेकमध्ये "एकदा आलेला ग्राहक सोडून जाऊच शकत नाही" आणि ग्राहकाच्या पत्रकात "डेटा तुमचा, कधीही घेऊन जा" ही जोडी मला वरचेवर दिसते. मसुदा हातात आला की मी आधी अशा जोड्या शोधते. त्यातलं एक वाक्य तरी जातंच, आणि कुठलं जाणार हे फाउंडरने ठरवल्याशिवाय मी पुढचं लिहीत नाही.