आधी चिप, मग लस!

कुत्र्याला परदेशी न्यायचं म्हटलं की जो तो पहिलं विचारतो, हेल्थ सर्टिफिकेट कुठे मिळतं? अहो ते अगदी शेवटच्या दहा दिवसातलं काम आहे, खरा घोळ त्याच्या कितीतरी महिने आधीच होऊन बसलेला असतो.

माझ्या मैत्रिणीचंच बघा. जर्मनीला शिफ्ट व्हायचं, एप्रिल अखेरचं तिकीट काढलेलं, जानेवारीत रेबीजची लस झालेली, लसीचं पुस्तक एकदम अपटुडेट. कातडीखाली बसवायची ओळख नंबराची चिप तेवढी राहिली होती म्हणून ५ मार्चला बसवायला गेली तर डॉक्टर म्हणाले, जानेवारीची लस धरता येणार नाही. ती चिडलीच, लस तर खरी आहे ना! पण युरोपियन युनियनचा नियम असा की लस दिली तेव्हा चिप असायला हवी, नाहीतर ती लस याच कुत्र्याला दिली हे कशावरून? मला विचाराल तर नियम बरोबरच आहे, फक्त तो आधी कोणी सांगत नाही.

मग त्याच दिवशी चिप बसवली, स्कॅन करून पंधरा आकडी नंबर येतो का बघितलं आणि नव्याने लस दिली. आता ज्या देशांना युरोप रेबीजच्या बाबतीत यादीत धरत नाही तिथून जायचं तर लसीनंतर निदान ३० दिवस थांबून रक्त द्यावं लागतं, टायटर टेस्ट, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध किती अँटीबॉडी तयार झाल्या ते मोजायचं. ती युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्येच आणि अँटीबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हव्यात. तिने ४ एप्रिलला रक्त दिलं, रिपोर्ट चांगला आला, ही लगेच बॅग भरायला तयार! पण रक्त दिल्यापासून तीन महिने थांबायचं असतं, म्हणजे ४ जुलै. (रिपोर्टच्या तारखेपासून नाही हां, तेवढाच दिलासा.) एप्रिलचं तिकीट गेलं ते गेलंच.

आणि पिल्लू असेल तर अजून गंमत, बारा आठवड्यांच्या आत दिलेली लस चालतच नाही, त्यात हे ३० दिवस आणि तीन महिने मिळवा, म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचं होईपर्यंत ते अशा देशातून युरोपात जाऊच शकत नाही. "छोटंसं तर आहे, मांडीवर बसेल" म्हणणाऱ्यांनी हे आधी मोजा.

सर्टिफिकेट तिने जूनच्या शेवटी काढलं, सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं, कारण सही झाल्यापासून दहा दिवसात तिकडे पोचावं लागतं. उतरल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर चिप स्कॅन केली आणि तो नंबर लसीच्या पानाशी, लॅबच्या रिपोर्टशी आणि सर्टिफिकेटशी जुळवला. एक आकडा चुकला तरी पंचाईत, म्हणून घरीच तिन्ही कागद शेजारी ठेवून नंबर मोठ्याने वाचा, एकाने वाचायचा दुसऱ्याने बघायचा.

आता तिने फोनमध्ये बूस्टरचा अलार्म लावलाय. तो वेळेत दिला तर टायटर परत करावी लागत नाही, एक दिवस जरी उशीर झाला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त.