सगळ्या फ्रेम कशाला घेतल्या?

"चंद्राच्या व्हिडिओतल्या २००० फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक ठेवून सरासरी काढली, तरी फोटो मऊच येतोय. अजून फ्रेम वाढवू का?"

वाढवू नका, उलट कमी करा. फोटोतले दाणे फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतात: १०० फ्रेमला दहावा हिस्सा उरतो, ४०० ला विसावा. २००० वर गेलात तरी पंचेचाळिसाव्याच्या आसपासच. पण हवा हलल्यामुळे फिसकटलेल्या फ्रेमही त्यात मिसळतात, आणि ती धूसरता सरासरीने जात नाही, पक्की बसते.

मीही आधी सगळ्या ढकलायचो. मग ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमच्या दर्जाचा आलेख बघून वरच्या २० टक्केच, म्हणजे ४०० ठेवल्या. कोपर्निकस विवराच्या मधल्या टेकड्या, ज्या आधी एकच पांढरा ठिपका होत्या, त्या सुट्या दिसल्या. फार कमी ठेवल्या तरी फसतं बरं का. ५० फ्रेमवर वेव्हलेट या फिल्टरने धार दिली, की उजेड-अंधाराच्या सीमेजवळच्या सावल्यांत रवाळपणा येतो. तसं दिसलं की फ्रेम थोड्या वाढवायच्या.

आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून संध्याकाळी शूट करत असाल, तर चांगल्या फ्रेम मुळात सापडणारच नाहीत. स्लॅब निवू द्या, चंद्र वर येऊ द्या.