डोनेपेझिल, मंद नाडी आणि मळमळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "डोनेपेझिलवरचा तुमचा लेख मला तरी औषधाची जाहिरात वाटला. सासूबाईंचं वय ७६, अल्झायमरचं निदान झालंय. पाच महिने गोळी चालू आहे. आधी ५ होती, दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी १० केली. विसरणं काडीचंही कमी झालेलं नाही. उलट सारखी मळमळ, जेवण नको म्हणतात, वजन ५२वरून ४८ वर आलंय. परवा सकाळी चक्कर येऊन मोरीत पडल्या, मशीनवर नाडी ४६ दिसली. बीपीसाठी मेटोप्रोलॉल वर्षानुवर्षं चालू आहे, तेव्हा कधी असं झालं नाही. ज्याचा उपयोग नाही त्या गोळीसाठी हे सगळं का सोसायचं?"

उत्तर:

नमस्कार ताई. फायद्याचा वाद नंतर घालू, आधी नाडीचं बघा. चक्कर, पडणं आणि ४६ ही नाडी एकत्र आल्यावर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट बघायची नसते. आजच ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रात्रीची डोनेपेझिल देऊ नका. ती एकदम थांबवल्याने लगेच काही धोका होत नाही. मेटोप्रोलॉल मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. अनेक वर्षं चाललेली ती गोळी अचानक तोडली तर बीपी आणि नाडी उसळू शकते. पुन्हा चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट इस्पितळ गाठा. पडताना डोक्याला मार लागला असेल, आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही आजच दाखवा.

मेटोप्रोलॉल इतकी वर्षं निमूट चाललं आणि आताच असं का झालं, याचं उत्तर दोन औषधांच्या बेरजेत आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन कमी पडतं. ते मोडणाऱ्या एन्झाइमला डोनेपेझिल अडवते, म्हणजे उरलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. पण ही गोळी फक्त मेंदूतच काम करते असं नाही. हृदयाला हळू चालवणारी व्हेगस नस हेच रसायन वापरते, आणि आतड्यांची हालचालही त्याच्यावरच चालते. मेटोप्रोलॉल वेगळ्या वाटेने नाडी कमी करतं. एक ब्रेक आधीपासून दाबलेला होता, त्यावर दुसरा आला, आणि १० मिलिग्रॅमला तो आणखी जोरात बसला. अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन यांच्या जोडीलाही हाच प्रश्न येतो. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालत असाल तर तेही सांगा. ते रक्तात उतरून नाडी मंदावू शकतात, आणि थेंब म्हणजे औषध असं घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

गोळी थांबवली की दुसऱ्या दिवशी नाडी वर येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. डोनेपेझिलची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण ७० तास लागतात. एक गोळी चुकली तर जेमतेम पाचवा हिस्सा कमी होतो. आठवड्याने पाचवा हिस्सा उरतो, आणि शरीर जवळजवळ मोकळं व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर रोज सकाळी पाच मिनिटं बसवून, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा आणि लिहून ठेवा. ठोके अनियमित असले की बीपी मशीनचा आकडा फसवतो. दोन आठवड्यांनंतरही नाडी ५०च्या खालीच राहिली तर दोष एकट्या गोळीचा नाही. हृदयाच्या विद्युतवहनातच अडथळा असू शकतो, आणि तिथे हृदयरोगतज्ज्ञ लागतात.

मळमळीचं कारण तेच, जागा आतड्यांची. ती बहुधा गोळी सुरू करताना किंवा ५वरून १० करताना येते आणि दोन-तीन आठवड्यांत निवळते. दीड महिना टिकली आणि चार किलो वजन गेलं, म्हणजे हा डोस त्यांना झेपलेला नाही. वजन जवळजवळ आठ टक्क्यांनी घटलंय, आणि या वयात हे मी नाडीइतकंच गंभीर धरेन. इथे एक चूक सर्रास होते: मळमळीवर पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल दुकानातून आणायची. डोम्पेरिडोन आणि डोनेपेझिल दोन्ही ईसीजीतला क्यूटी काळ, म्हणजे प्रत्येक ठोक्याची विद्युतक्रिया पूर्ण व्हायला लागणारा वेळ, लांबवू शकतात, आणि नाडी मंद असताना त्यातून घातक अनियमितता उद्भवू शकते. ती कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता फायदा. तुमचा राग इथे निम्मा बरोबर आहे. ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत, सहा महिन्यांनी, गोळी घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यात सरासरी फरक सुमारे एका गुणाचा निघतो. या आजारात वर्षाला दोन-तीन गुण जातात हे धरलं, तर हाती येतात ते काही महिने. गेलेलं परत येत नाही, आजारही थांबत नाही. 'विसरणं कमी झालं का' या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच बहुतेक घरांत 'नाही' येतं. जो फरक दिसतो तो लक्षात आणि उत्साहात: बोलण्याचा धागा धरून ठेवणं, हातात घेतलेलं काम पुरं करणं. काहींत तेवढाही दिसत नाही, आणि कुणात दिसेल हे आधी सांगता येत नाही.

'उपयोग नाही' हे मात्र पाच महिन्यांच्या आठवणीवरून ठरवू नये. साडी स्वतः नेसतात का, देवपूजेचा क्रम चुकतो का, जेवणाआधी एकच प्रश्न किती वेळा विचारतात, अशा तीन-चार गोष्टी आज कागदावर लिहा. गोळी थांबल्यावर दोन, चार आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघा. काहीच बिघडलं नाही तर गोळी त्यांच्या कामाची नव्हती. झपाट्याने घसरण दिसली तर ती काहीतरी करत होती. ब्रिटनमधल्या २०१२च्या डोमिनो चाचणीत मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या लोकांमध्ये, गोळी चालू ठेवलेल्यांचे गुण वर्षभरानंतर थांबवलेल्यांपेक्षा सरासरी जवळजवळ दोनने जास्त होते. त्यामुळे 'आजार वाढला, आता बंदच करा' हेही सरसकट खरं नाही.

पुढचा रस्ता डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना हे विचारा: मेटोप्रोलॉल नुसत्या बीपीसाठी आहे, की जुना हार्ट अ‍ॅटॅक किंवा अनियमित ठोके आहेत? फक्त बीपी असेल तर अ‍ॅम्लोडिपिनसारखी, नाडी न मंदावणारी गोळी चालू शकते. मग ईसीजी साफ आल्यावर, वजन सावरल्यावर, ५ मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर देऊन पाहता येईल. खंड काही आठवड्यांचा झाला असेल तर थेट १०वर जायचं नसतं. माझं मत विचाराल तर, ईसीजीत विद्युतवहनाचा दोष निघाला तर या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये. रिव्हास्टिग्मिनचा पॅच सुचवला गेला तर मळमळ कमी होईल, पण तो याच गटातला आहे, नाडीचा प्रश्न तिथेही उरतो. मेमान्टिन निराळ्या गटातलं आहे, मध्यम अवस्थेपासून त्याचा विचार होतो. सध्याच्या पाकिटावर दोन नावं असतील, तर डोनेपेझिल आणि मेमान्टिन एकाच गोळीत आहेत. तसं असेल तर एकीचा डोस दुसरीला न हलवता कमी करता येत नाही, म्हणून पाकीट बरोबर न्या.